गरगर कानाची की अर्धशिशीची? सहा आठवड्यांच्या वहीतून उत्तर कसं काढायचं

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात चक्कर यायला लागली की माणूस एकतर कानाच्या डॉक्टरांकडे जातो किंवा मानेचा एक्स-रे काढतो. चाळिशीनंतरच्या एक्स-रेत मणके थोडे झिजलेले दिसतातच. मग ‘मानेमुळं चक्कर’ असं घरात ठरून जातं, गळ्यात पट्टा येतो आणि चक्कर आहे तिथंच राहते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकण्याच्या तपासणीसाठी माझ्याकडे जी माणसं पाठवली जातात, त्यांतल्या कित्येकांचा आलेख अगदी चांगला निघतो. कान चांगले आहेत म्हटल्यावर त्यांना बरं वाटायला हवं, पण चेहरा उतरतो, कारण मग दुखणं आहे तरी कुठं हा प्रश्न तसाच उरतो.

अशा बऱ्याच जणींचं, आणि काही पुरुषांचंही, उत्तर व्हेस्टिब्युलर मायग्रेन हे असतं. ही अर्धशिशीच, पण डोकं दुखण्याऐवजी किंवा दुखण्याच्या जोडीनं गरगर आणि तोल जाण्याच्या रूपात येणारी. ती रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. ती सापडते ती रुग्णाच्या सांगण्यात, आणि सांगणं नेमकं असेल तरच. हे सांगणं नेमकं कसं करायचं, तेवढ्याचसाठी हा लेख आहे.

आधी हे पाहा: कोणत्या चक्करेत वही बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा

पहिल्यांदाच अचानक जोराची चक्कर आली आणि तिच्यासोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर ती मेंदूच्या रक्तपुरवठ्याची बाब असू शकते. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षण कितीला सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एका क्षणात उसळणं, ताप येऊन मान ताठ होणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, यांनाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट लोक अंगावर काढतात. चक्करेसोबत एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यातलं औषध पहिल्या काही दिवसांतच खरं उपयोगी पडतं.

यांपैकी काही नसेल, आणि चक्कर येऊन जाऊन पुन्हा येत असेल, तर पुढचं वाचा.

डोक्यात नेमकं काय होतं

तोल सांभाळायचं काम तिघं मिळून करतात. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या, डोळे, आणि पायांतून-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना. या तिघांचा निरोप मेंदू एकत्र वाचतो. अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू मुळातच संवेदना चढवून वाचतो, म्हणून साधा उजेड टोचतो, भांडं पडल्याचा आवाज डोक्यात घुमतो, फोडणीचा वास नकोसा होतो. तसंच हालचालीच्या निरोपाचंही होतं. कान बरोबर सांगत असतो, वाचणारा ते चढवून वाचतो. ही यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण या माणसांमध्ये लहानपणापासून एसटी लागणं, जत्रेतला पाळणा न सोसणं इतकं का आढळतं, ते यावरून समजतं.

मेनिएरच्या आजारात मात्र बिघाड कानातच असतो. आतल्या कानातल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं आणि ऐकण्याचा भागही त्यात सापडतो. बीपीपीव्ही म्हणजे कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नळीत शिरतात आणि डोकं विशिष्ट बाजूला वळलं की गरगरवतात. तिसरा आजार तोलाच्या नसेला सूज येण्याचा. त्यात एकच मोठी चक्कर येते, ती सलग दिवसच्या दिवस चालते आणि पुढं हळूहळू ओसरते. वरचेवर येणाऱ्या चक्करेचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोघांशी, म्हणून इथं त्यांच्यावरच भर देते.

पहिली पायरी: वही

शाळेची साधी वही घ्या आणि सहा आठवडे लिहा. मोबाइलवर लिहू नका. गरगरत असताना स्क्रीनकडे पाहून त्रास वाढतो, आणि डॉक्टरांसमोर मोबाइल चाळत बसण्यात वेळ जातो. प्रत्येक झटक्याला चार-पाच ओळी पुरतात, झटका ओसरल्यावर पण त्याच दिवशी लिहिलेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत ‘बराच वेळ चक्कर होती’ एवढंच उरतं आणि त्याचा उपयोग होत नाही.

लिहायचं काय? कितीला सुरू झाली आणि कितीला पूर्ण गेली. त्या वेळी काय करत होता. नेमकं काय झालं, म्हणजे खोली फिरली, आपणच फिरत होतो, जमीन हलली, की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली. सोबत उजेड, आवाज, वास सोसत होता का. डोकं दुखलं का, आणि दुखलं तर चक्करेच्या आधी, त्याच वेळी की नंतर. कानात काही झालं का, आणि कोणत्या कानात. शेवटी आदल्या चोवीस तासांतलं जेवण, झोप, प्रवास, ऊन, आणि पाळीची तारीख.

उभं राहिल्यावर अंधारी येऊन बसलं की जाणारी चक्कर बहुतेक वेळा रक्तदाबाची, पाणी कमी पडल्याची किंवा रक्त कमी असण्याची असते. ती वेगळी काढा आणि तिच्यासाठी हिमोग्लोबिन आणि बसून-उभं राहून मोजलेला रक्तदाब एवढं आधी करून घ्या.

दुसरी पायरी: घड्याळ

वहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे झटका किती वेळ टिकला. माझ्या मते निम्मं निदान इथंच होतं.

बीपीपीव्हीची गरगर सेकंदांची असते, बहुधा मिनिटाच्या आत थांबते. ती अंथरुणात कूस बदलताना, झोपताना, उठताना किंवा वर माळ्याकडं पाहताना येते. गरगर इतकी जोरात असते की माणसाला ती पाच मिनिटं होती असं वाटतं, म्हणून घरातल्या कुणाला तरी घड्याळ पाहायला सांगा. नंतर तास-दोन तास मळमळ आणि अस्वस्थपणा राहू शकतो, पण तो गरगरीत मोजू नका.

मेनिएरचा झटका साधारण 20 मिनिटं ते 12 तास टिकतो. व्हेस्टिब्युलर मायग्रेनची मुदत सगळ्यांत लांबरुंद: 5 मिनिटांपासून 72 तासांपर्यंत. एकीला अर्धा तास, दुसरीला तीन दिवस, आणि एकाच बाईलाही या खेपेला एवढं तर पुढच्या खेपेला तेवढं. मुदत अशी दर वेळी बदलत असेल तर मायग्रेनचा संशय वाढतो. मुदत 20 मिनिटं ते 12 तासांत पडली तर मात्र एकट्या घड्याळावरून निवाडा होत नाही, कारण तिथं दोन्ही आजार बसतात. तिथं कानाला विचारावं लागतं.

तिसरी पायरी: कानाला विचारा

मेनिएरमध्ये बहुधा एकाच कानात, चक्करेच्या आसपास, दडा बसतो, घों-घों आवाज येतो आणि ऐकू कमी येतं. झटका गेला की सुरुवातीच्या काळात ऐकू येणं परतही येतं. वर्षं गेली की ते परत येईनासं होतं. ऑडिओमेट्रीच्या आलेखात ही कमतरता खालच्या सुरांत दिसते, म्हणजे 250, 500, 1000 हर्ट्झच्या भागात. म्हणूनच तपासणी झटका संपून महिना उलटल्यावर न करता, जमलं तर झटक्याच्या दिवशी किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत करून घ्यावी. फोन करून ‘आज कान दडलाय, आत्ता येऊ का?’ असं विचारणारा रुग्ण मला हवाच असतो. त्या दिवशीचा आलेख हातात आला की पुढं तर्क लढवत बसावं लागत नाही.

गोंधळ इथं होतो की व्हेस्टिब्युलर मायग्रेनमध्येही कानात आवाज येतो, कान जड होतात, थोडा वेळ ऐकू कमी आल्यासारखं वाटतं. पण ते बहुधा दोन्ही कानांत असतं, सौम्य असतं, आणि वर्षानुवर्षं झटके येऊनही आलेख फारसा खाली जात नाही. कानात आवाज आला म्हणजे मेनिएरच, असं धरून चालू नका. उलट एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

चौथी पायरी: अर्धशिशीचा माग

सगळ्यांत जास्त निसटतं ते इथं. कारण रुग्ण म्हणतो, ‘माझं डोकं दुखतच नाही.’

चक्करेच्या झटक्यात डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. 2012 साली तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची बारानी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी मिळून निदानाचे निकष ठरवले. साध्या शब्दांत ते असे. मध्यम किंवा तीव्र चक्करेचे कमीत कमी पाच झटके येऊन गेलेले असावेत, प्रत्येक 5 मिनिटं ते 72 तासांचा. आयुष्यात कधीतरी, आत्ता किंवा पूर्वी, मायग्रेन झालेलं असावं. झटक्यांपैकी कमीत कमी निम्म्यांत मायग्रेनची खूण असावी: मायग्रेनच्या जातीची डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही न सोसणं, किंवा डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेषा किंवा आंधळा ठिपका येणं. आणि दुसरा कोणता आजार हे सगळं जास्त चांगलं समजावून देत नसावा. यांतलं सगळं जुळलं नाही तरी काही जुळत असेल, तर डॉक्टर ‘संभाव्य’ म्हणून उपचार सुरू करतात.

दुसरी अट नीट पाहा. मायग्रेन पूर्वी होऊन गेलं असेल तरी चालतं. कित्येक बायकांत पंचविशी-तिशीत डोकं दुखतं, पुढं ते कमी होतं आणि पाळी जायच्या सुमाराला त्याच्या जागी चक्कर येते. मधल्या पंधरा वर्षांत त्या डोकेदुखीचं नाव ‘पित्त’ पडलेलं असतं. म्हणून ‘मायग्रेन आहे का?’ असं न विचारता असं विचारा: तरुणपणी महिन्यातून कधी उलटी झाल्याशिवाय न थांबणारं डोकं दुखायचं का? त्या दिवशी खिडकी लावून पडावं लागायचं का? आई, मावशी, बहीण यांना होतं का?

एक वही उघडून पाहू

दोन-तीन रुग्णांच्या नोंदी मिसळून आणि ओळख पटेल असं सगळं काढून हे उदाहरण घेते. त्यांना सुनंदाताई म्हणू. वय 44, तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षिका, सांगलीत राहतात. दोन वर्षांपासून चक्कर. मानेचा एक्स-रे झाला होता, मेंदूचा एमआरआय स्वच्छ होता, चक्करेची गोळी दिवसातून तीनदा चालू होती. ऑडिओमेट्रीत दोन्ही कान सर्व सुरांत 20 डेसिबलच्या आत, म्हणजे उत्तम.

“मॅडम, कान चांगला, मेंदू चांगला, मग मी काय सोंग करतेय का?” त्यांचा पहिला प्रश्न हा. घरात कुणीतरी तसं म्हटलेलं असणार.

सहा आठवड्यांनी त्यांनी वही आणली. त्यातल्या तीन नोंदी अशा होत्या.

‘मंगळवार. सकाळी 10:40. फळ्याकडून मुलांकडं वळले तर वर्ग सरकला. टेबल धरलं. दुपारी 2 पर्यंत जमीन मऊ लागत होती. ट्यूबलाइट बंद करायला लावली, मुलांचा गोंगाट डोक्यात शिरत होता. डोकं दुखलं नाही. कानात काही नाही. काल संकष्टी, चंद्रोदयानंतर साडेनऊला जेवण, झोप पाच तास.’

‘शनिवार. दुपारी 4. पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात मोबाइलवर हजेरी भरत होते. मळमळ, मग सगळं डुलू लागलं. घरी आल्यावर डावी कानशिलं ठणकली, उलटी. रविवारी दुपारपर्यंत डुलत होतं. सोमवारी पाळी.’

‘गुरुवार. पहाटे 5. उजव्या कुशीवर वळले आणि छत गरगर फिरलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, 25 सेकंद. डावीकडं वळले तर काही नाही. उजेडाचा त्रास नाही.’

पहिली नोंद 3 तास 20 मिनिटांची. मेनिएरच्या मुदतीत बसते, पण कान गप्प आहे आणि उजेड-आवाज दोन्ही टोचतायत. दुसरी नोंद जवळजवळ 20 तासांची, मेनिएरच्या मुदतीच्या बाहेरची, वर एका बाजूची ठणकणारी डोकेदुखी, उलटी आणि तोंडावर आलेली पाळी. सहा आठवड्यांत अशा जातीचे सात झटके, आणि त्यांतल्या पाचांत मायग्रेनची खूण होती. राहता राहिला पूर्वीचा इतिहास. आधी त्या नाहीच म्हणाल्या. मग आईबद्दल विचारलं तेव्हा सांगू लागल्या, “आई महिन्यातून एकदा डोक्याला फडकं आवळून माजघरात पडायची, आम्ही पोरं चुलीपाशी आवाज न करता भाकरी खायचो. मला पण डीएडला असताना तसंच व्हायचं की. पण ते पित्ताचं होतं.” निकष पुरा झाला.

तिसरी नोंद मात्र या साखळीत बसत नाही. 25 सेकंद, एकाच कुशीवर, उजेडाशी संबंध नाही. ही बीपीपीव्हीची खूण. मायग्रेनवाल्यांत बीपीपीव्ही जास्त आढळतो, तेव्हा दोन्ही एकत्र असणं काही अजब नाही. तपासणीच्या टेबलावर त्यांचं डोकं उजवीकडं 45 अंश वळवून झटकन मागं झोपवलं, तर काही सेकंदांनी डोळे फडफडत वर आणि गोल फिरू लागले आणि अर्ध्या मिनिटात थांबले. या चाचणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. लगेच कण परत जागेवर नेण्यासाठी एपलीची क्रिया केली, म्हणजे डोकं आणि अंग ठरावीक क्रमानं चार स्थितींत वळवणं, प्रत्येक स्थितीत गरगर थांबेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट, थांबत. पुढच्या आठवड्यात तपासलं तेव्हा कुशीवरची गरगर गेली होती. याला गोळी लागत नाही, आणि गोळीनं हे बरंही होत नाही. वहीत ती एक नोंद वेगळी लिहिली नसती तर मायग्रेनचं औषध सुरू होऊनही पहाटेची गरगर राहिली असती आणि औषधच लागू पडत नाही असं वाटलं असतं. एपली पहिल्यांदा तज्ज्ञांकडूनच करून घ्या. कोणता कान ते कळल्याशिवाय व्हिडिओ पाहून करू नका.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडं काय न्यायचं, काय विचारायचं

वही, जुने ऑडिओमेट्रीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि झटक्यात घरच्यांनी डोळ्यांचा व्हिडिओ काढला असेल तर तो. डोळे उघडे ठेवून, समोर पाहताना, पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. डोळे कोणत्या दिशेला हलतात हे त्यात दिसलं तर तज्ज्ञांचं काम सोपं होतं.

आधी कान-नाक-घसा की मेंदूविकार? माझा सल्ला: कानात काहीही होत असेल किंवा कुशीवर गरगरत असेल तर आधी कानाचे डॉक्टर आणि ऑडिओमेट्री. कान गप्प असेल आणि उजेड-आवाज-डोकं यांचीच तक्रार असेल तर न्यूरोलॉजिस्ट, किंवा मायग्रेनचं औषध देणारे तुमचे फिजिशियन. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. तपासणीत काही वेगळं आढळलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदा झालं, किंवा झटक्याची तऱ्हा बदलली, तर डॉक्टर तो सांगतील.

मेनिएर नसेल तर मीठ बंद करायचं कारण नाही. सुनंदाताईंनी दोन वर्षं अळणी भाकरी-भाजी खाल्ली होती. तो पथ्याचा सल्ला दुसऱ्या आजाराचा होता.

झटका आला तर

चुलीपाशी, जिन्यात, दुचाकीवर असाल तर आधी तिथून बाजूला होऊन खाली बसा. मग अंधाऱ्या, शांत खोलीत उशी थोडी उंच करून पडा, नजर एका ठिकाणी ठेवा, घोट-घोट पाणी किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्या. डॉक्टरांनी झटक्यासाठी गोळी दिली असेल तर ती सुरुवातीलाच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर पोट गोळी नीट शोषत नाही.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या जातीच्या, दोन-तीन दिवसांपुरत्या. रोज महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू तोल पुन्हा सावरायला शिकत नाही, आणि विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांत हात कापणं, हालचाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रास होऊ शकतो. आपल्याकडं मेडिकलमधून ‘तीच चक्करेची द्या’ म्हणून वर्षानुवर्षं त्या घेतल्या जातात, याची मला खरंच काळजी वाटते. सासूबाईंचा हात कापायला लागला असेल तर आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा तपासा.

वेदनाशामकांचंही तसंच. साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस किंवा त्याहून जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या किंवा खास मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान जातीच्या 10 दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखू लागतं. आठवड्यात दोन दिवसांपलीकडं गोळी लागत असेल तर प्रतिबंधक औषधाची वेळ आली असं समजा.

झटके कमी करायला

वहीत आदल्या दिवसाचा रकाना याचसाठी ठेवायचा. सुनंदाताईंच्या सातपैकी चार झटक्यांआधी जेवण लांबलं होतं किंवा झोप सहा तासांच्या आत होती. त्यांना उपवास सोडायला सांगितलं नाही. संकष्टीला दर तीन-चार तासांनी काहीतरी खायचं ठरलं, ताक, केळं, राजगिऱ्याचा लाडू, आणि नेहमीचा सकाळचा चहा चुकवायचा नाही, कारण रोज चहा घेणाऱ्यानं तो एकदम तोडला तर त्यानंच डोकं दुखतं. रविवारीही उठायची वेळ तीच ठेवली. एसटीत पुढच्या बाजूला खिडकीपाशी बसायचं, लांब रस्त्याकडं पाहायचं, घाटात मोबाइल पिशवीत.

द्राक्षाच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, बाहेर गॉगल आणि टोपी जरूर वापरा. घरात मात्र दिवसभर गॉगल लावून बसू नका. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की साधा उजेडही जास्त टोचू लागतो. खाण्यातल्या कारणांची लांबलचक यादी पाळायची गरज बहुतेकांना नसते. वहीत एखादा पदार्थ तीन-चारदा झटक्याच्या आधी दिसला तरच तो सोडून पाहा.

प्रतिबंधक औषध डॉक्टर निवडतात आणि ते तुमच्या इतर दुखण्यांवर ठरतं. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. फ्लुनारिझिननं वजन वाढू शकतं, मन उदास होऊ शकतं, म्हणून पूर्वी नैराश्य आलं असेल तर ते आधी सांगा. अमिट्रिप्टिलिन रात्री अगदी कमी मात्रेपासून सुरू करतात, झोप लागते पण तोंड कोरडं पडतं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही दोन औषधं पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात, तेव्हा गरोदर असाल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. यांतलं कोणतं औषध चक्करेवर सर्वांत चांगलं, याचा भक्कम पुरावा अजून थोडाच आहे. बराचसा अनुभव मायग्रेनच्या डोकेदुखीवरून घेतलेला आहे. म्हणून एक औषध योग्य मात्रेत दोन-तीन महिने घेतल्यावरच ते लागू पडलं की नाही ते ठरवायचं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं, हीच इथली नेहमीची चूक. आणि बरं वाटलं तरी स्वतःहून एकदम बंद करू नका, काही औषधं हळूहळू उतरवावी लागतात.

सुनंदाताईंना अमिट्रिप्टिलिन सुरू झालं, आणि झटक्यांच्या मधल्या काळात तोलाचे व्यायाम: भिंतीपाशी उभं राहून अंगठ्यावर नजर रोखून डोकं सावकाश डावी-उजवीकडं, दिवसातून तीनदा, एक-एक मिनिट. हे व्यायाम झटक्याच्या दिवशी करायचे नाहीत. तिसऱ्या महिन्यात दोन झटके आले, दोन्ही तासाभराच्या आतले. पूर्ण थांबले नाहीत, आणि तसं वचन कुणी देऊही नये.

निदान पुन्हा तपासायचं कधी

मायग्रेन ठरलं म्हणून कानाची फाइल बंद होत नाही. एका कानात दडा वारंवार बसू लागला, फोन त्या कानाला धरला की शब्द कळेनासे झाले, आवाज त्याच एका बाजूला कायमचा राहिला, किंवा शुद्ध न हरपता माणूस उभ्या उभ्या कोसळू लागला, तर परत या. औषध दोन-तीन महिने नीट घेऊनही झटक्यांची संख्या वहीत तेवढीच दिसली, तरीही या. अशा वेळी नवा आलेख जुन्याच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो, म्हणून पहिल्या ऑडिओमेट्रीचा कागद टाकून देऊ नका. तो वहीतच चिकटवून ठेवा.